फी राहिलेल्या पालकांना पहिले स्मरणपत्र: कसे लिहावे आणि बोलण्याची वाट कशी खुली ठेवावी

फीची मुदत उलटली की शाळेच्या कार्यालयातून जे पत्र निघते, ते बहुधा मागच्या वर्षीच्या पत्रावरची तारीख बदलून काढलेले असते. त्यात "थकबाकी", "त्वरित" आणि "अन्यथा" हे तीन शब्द ठरलेले असतात, आणि शेवटी "काही अडचण असल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा" असे एक वाक्य असते. मी स्वतः अशी पत्रे कित्येक वर्षे पाठवली आहेत, आणि त्या शेवटच्या वाक्याला उत्तर म्हणून आलेले फोन हाताच्या बोटांवर मोजता येतील. घरांमध्ये अडचणी नव्हत्या असे मुळीच नाही. त्या वाक्यामागे कोणी माणूस आपली वाट पाहत बसला आहे, असे वाचणाऱ्याला वाटत नव्हते, एवढेच.

हा लेख फक्त पहिल्या स्मरणपत्रापुरता आहे. मुदत संपून आठ-दहा दिवस झाले आहेत, फी आलेली नाही आणि ती का आली नाही, हे आपल्याला ठाऊक नाही, अशा वेळी जाणारे हे पत्र. ते ज्यांच्या हाती पडेल त्यांपैकी काही जण विसरलेले असतात, काहींनी फी भरलेली असते पण ती आपल्या नोंदीत चढलेली नसते, आणि काहींची खरोखरच ओढाताण चालू असते. पत्र एकच, पण या तिघांपैकी कोणालाही ते वाचून अपमान वाटू नये, अशा बेताने ते लिहावे लागते.

लिहिण्याआधी दोन कामे

पहिले काम नोंद तपासण्याचे. फीचे रजिस्टर आणि बँकेचे स्टेटमेंट समोरासमोर ठेवून, ज्यांची नावे राहिलेल्यांच्या यादीत आहेत त्यांच्या रकमा स्टेटमेंटमध्ये शोधाव्यात, आणि शोध नावावरून न घेता रकमेवरून घ्यावा. हे मी ठेच लागून शिकलो. एका मुलाची फी त्याच्या आजोबांनी आपल्या खात्यातून भरली होती. त्यांचे आडनाव वेगळे होते आणि पैसे पाठवताना मुलाचे नाव लिहायचे राहून गेले होते, त्यामुळे ती रक्कम आमच्याकडे "अनोळखी जमा" म्हणून पडून राहिली आणि मी घरी स्मरणपत्र धाडले. दुसऱ्या दिवशी आजोबा पावती घेऊन स्वतः आले. ते एक अक्षर रागाने बोलले नाहीत, आणि त्याचेच मला अधिक लागले. तेव्हापासून अनोळखी जमा रकमांचा उलगडा झाल्याशिवाय एकही स्मरणपत्र पाठवायचे नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

दुसरे काम मुख्याध्यापकांशी किंवा ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांच्याशी बोलून घेण्याचे. एखादे पालक म्हणाले की सगळी रक्कम एकदम जमत नाही, तर आपण काय देऊ शकतो? हप्त्याचे लहान भाग करता येतील का, किती महिन्यांपर्यंत, विलंब शुल्क थांबवता येईल का, आणि यातले काय मी फोनवरच ठरवू शकतो आणि कशासाठी मला वर विचारावे लागेल? या प्रश्नांची उत्तरे हाती नसताना "अडचण सांगा" असे लिहिणे म्हणजे पालकाला अवघड गोष्ट बोलायला लावून पुढे "बघतो, कळवतो" म्हणण्यासारखे आहे. एकदा तसे झाले की ते घर दुसऱ्यांदा बोलत नाही. फी माफ करण्याचा अधिकार नसेल तर पत्रात "सवलत" हा शब्दही येऊ देऊ नये, कारण वाचणारा त्याचा अर्थ माफी असाच घेतो. "हप्त्याचे भाग करणे" किंवा "मुदत वाढवणे" असे जे शक्य आहे ते नेमके लिहावे.

पत्राचा मसुदा

एक प्रसंग धरून चालू. मुलगी पाचवीत आहे. वर्षाची फी तीन समान हप्त्यांत आहे आणि प्रत्येक हप्ता ८,००० चा आहे. दुसऱ्या हप्त्याची मुदत १० ऑक्टोबर होती, आणि आज २२ ऑक्टोबर आहे. पत्र असे होईल:

> विषय: दुसऱ्या हप्त्याच्या फीबाबत
>
> आदरणीय (पालकांचे नाव) यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> इयत्ता पाचवीत शिकणारी आपली मुलगी (नाव) हिच्या फीचा दुसरा हप्ता, रक्कम ८,०००, १० ऑक्टोबरपर्यंत अपेक्षित होता. २१ ऑक्टोबरच्या सायंकाळपर्यंतच्या आमच्या नोंदींत तो जमा झालेला दिसत नाही. आपण तो आधीच भरला असेल, तर कोणत्या तारखेला आणि कोणाच्या नावाने भरला एवढे कळवावे. आम्ही नोंद तपासून दुरुस्त करू.
>
> भरायचे राहून गेले असेल, तर ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावे, ही विनंती. तोपर्यंत विलंब शुल्क आकारले जाणार नाही.
>
> पूर्ण रक्कम एकदम भरणे सध्या सोयीचे नसेल, तर हप्त्याचे लहान भाग करणे किंवा मुदत वाढवणे शक्य आहे. त्यासाठी या पत्राला "बोलायचे आहे" एवढेच उत्तर पाठवावे, मी स्वतः आपल्याला फोन करीन. आपण फोन करणार असाल, तर कामाच्या दिवशी सकाळी ९ ते १० आणि सायंकाळी ५ ते ६ या वेळेत (क्रमांक) या क्रमांकावर मीच असतो. पहिल्या बोलण्यासाठी कोणतेही कागद लागत नाहीत. आपले बोलणे माझ्या आणि मुख्याध्यापकांच्या पलीकडे जाणार नाही, आणि मुलीशी याविषयी शाळेत कोणीही बोलणार नाही.
>
> आपला,
> (नाव), कार्यालय प्रमुख

विषयाच्या ओळीत "थकबाकी" हा शब्द मुद्दामच नाही. पत्र छापील असो वा फोनवर आलेले, विषयाची ओळ घरातल्या कोणाच्याही नजरेस पडू शकते, आणि ती मूलही वाचू शकते. "स्मरणपत्र क्रमांक १" असेही लिहू नये, कारण क्रमांक १ म्हटले की २ आणि ३ येणार, हे न सांगताच सांगितले जाते.

आता क्रियापदांकडे पाहा, कारण मराठीत आदर आणि दटावणी यांतला फरक बराचसा तिथेच असतो. "आपण अद्याप फी भरलेली नाही" या वाक्यात कर्ता पालक आहे आणि "अद्याप"मध्ये कुरकुर आहे. "आमच्या नोंदींत जमा झालेला दिसत नाही" या वाक्यात सांगितले जाते ते आपल्या नोंदीविषयी, आणि नोंद चुकलेली असू शकते, हेही त्यात मान्य केलेले असते. ही नुसती गोड भाषा नव्हे. आपल्याला खात्रीने ठाऊक असते ते एवढेच की नोंदीत रक्कम दिसत नाही. याच कारणासाठी नोंद कोणत्या दिवसापर्यंतची, ते लिहावे. पत्र निघाले त्याच दिवशी पैसे भरणाऱ्या माणसाला मग ते पत्र चुकीचे वाटत नाही.

"भरावे" हे विध्यर्थी रूप सरकारी वळणाचे आहे. नुसते वापरले तर ते हुकमासारखे वाटते, "ही विनंती" जोडले की सौम्य होते. मात्र "कृपया", "नम्र विनंती", "सहकार्याची अपेक्षा" असे सगळे एकाच वाक्यात ओतले की उलटाच परिणाम होतो. इतकी नम्रता वरवरची आहे, हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. विनंती एकदाच करावी आणि तिच्याजवळ तारीख ठेवावी. "लवकरात लवकर" हे तर टाळाच, कारण ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला त्यातून तारीख कळत नाही आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्या जिवाला घोर लागतो.

विलंब शुल्क असेल तर ते लपवू नये. सौम्य दिसावे म्हणून पहिल्या पत्रातून ते गाळायचे आणि पावतीवर मात्र लावायचे, याइतका विश्वास घालवणारा दुसरा प्रकार नाही. ते कधीपासून लागेल किंवा कधीपर्यंत लागणार नाही, हे एका साध्या वाक्यात सांगितले की पुरे.

एक बारीक पण नेहमी होणारी चूक इथेच सांगतो. तयार मसुद्यात नावे भरताना "मुलगी … हिच्या" हे "मुलगा … याच्या" असे बदलायचे राहून जाते, आणि मुलाच्या घरी "हिच्या" असलेले पत्र पोहोचते. चूक छोटी असली तरी आपल्या मुलाला इथे कोणी ओळखत नाही, असे पालकांना वाटायला ती पुरेशी असते. मुलगा आणि मुलगी असे दोन मसुदे वेगळे ठेवावेत. तसेच पत्र आई-वडील दोघांच्या नावे जावे, फक्त वडिलांच्या किंवा आजीच्या नावे जावे, हे प्रवेश अर्जात फीची जबाबदारी कोणी घेतली आहे ते पाहून ठरवावे. आई-वडील वेगळे राहत असतील तर चुकीच्या पत्त्यावर गेलेले स्मरणपत्र त्या घरात नको ते भांडण उभे करते.

बोलावणे खरे कशाने होते

पत्रातला शेवटचा परिच्छेद सर्वांत लांब आहे, आणि तो तसाच असू द्यावा. पैशांची अडचण सांगायची म्हटली की माणसाला काही भीती घेरतात: समोर कोण असेल, तो काय काय विचारेल, उत्पन्नाचे दाखले मागेल का, ही गोष्ट शिक्षकांपर्यंत जाईल का आणि शेवटी मुलाला त्याचे बोल ऐकावे लागतील का. परिच्छेदातले प्रत्येक वाक्य यांपैकी एकेका भीतीला उत्तर देते. म्हणूनच त्यातले जे वाक्य आपल्या शाळेत खरे नसेल, ते खोडून टाकावे. वर्गशिक्षकांकडे फी राहिलेल्यांची यादी जात असेल, तर "मुलीशी कोणीही बोलणार नाही" असे लिहिता येत नाही. आधी ती यादी वर्गात जाणे थांबवावे, मग ते वाक्य लिहावे.

"बोलायचे आहे" या दोन शब्दांच्या उत्तराची सोय मी अलीकडे सुरू केली, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक तिनेच पडला. अडचणीतल्या माणसाला सर्वांत जड जाते ते पहिले वाक्य, आणि इथे ते आपणच तयार करून देतो. मात्र हे उत्तर आले की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, फोन गेला पाहिजे. आठवडा लोटला तर पालकांना वाटते की आपण बोललो आणि शाळेने तोंड फिरवले.

पत्र पाठवायचा दिवस आणि वेळही पाहावी. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी गेलेले पत्र घेऊन पालक दोन दिवस बेचैन राहतात, आणि बोलायला कोणी नसते. परीक्षेच्या तोंडावर गेलेल्या पत्रात धमकी नसली तरी ती वाचली जाते. आठवड्याच्या मधल्या कामाच्या दिवशी सकाळी पाठवले, तर संध्याकाळच्या वेळेत फोन करता येतो. पत्र मुलाच्या दप्तरातून किंवा रोजनिशीतून कधीही पाठवू नये, आणि पालकांच्या ग्रुपवर तर "ज्यांची फी राहिली आहे त्यांनी" असा नाव नसलेला मेसेजही टाकू नये. कोणाची राहिली आहे हे ग्रुपमध्ये बऱ्याच जणांना माहीत असते. ज्या घरी वाचणारे कोणी नाही, तिथे हेच सगळे फोनवर सांगावे.

उत्तर आल्यावर

आपल्या प्रसंगातल्या मुलीच्या आईचे २३ ऑक्टोबरला उत्तर आले: "बोलायचे आहे". फोनवर पहिला प्रश्न "फी का राहिली?" हा नसावा. "आपल्याला किती आणि कधीपासून जमेल असे वाटते?" असे विचारावे. कारण सांगायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे. सांगितले तर ऐकून घ्यावे, पण रजिस्टरमध्ये कारण उतरवू नये. तिथे फक्त ठरलेल्या रकमा आणि तारखा लिहाव्यात. रजिस्टर अनेकांच्या हातून जाते.

आई म्हणाल्या की दर महिन्याच्या ५ तारखेला २,००० देता येतील, नोव्हेंबरपासून. घाईत "ठीक आहे" म्हणण्याचा मोह होतो, कारण चार महिन्यांत ८,००० पूर्ण होतात. पण इथेच बहुतेक ठरलेल्या गोष्टी फसतात. तिसरा हप्ता १० जानेवारीला आहे. म्हणजे जानेवारीत त्या घरावर २,००० अधिक ८,००० असे १०,००० येऊन पडतील, आणि फेब्रुवारीत आपण पुन्हा त्यांनाच पत्र लिहीत बसू. म्हणून दोन्ही हप्ते एकत्र धरून हिशेब मांडावा. एकूण १६,००० होतात, आणि नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने हाताशी आहेत. २,००० प्रमाणे सहा महिन्यांत १२,००० होतात आणि ४,००० उरतात. हे मी आईंना मोकळेपणाने सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की जानेवारीपासून ३,००० जमतील असे वाटते. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे मिळून ४,०००, पुढच्या चार महिन्यांचे १२,०००, म्हणजे हिशेब पुरा होतो.

पण "जमतील असे वाटते" हे शब्द जसेच्या तसे ध्यानात ठेवावेत. संकोचापोटी माणूस झेपणार नाही तो आकडाही कबूल करतो. बोलताना थोडा वेळ गप्प होऊन मग चटकन होकार आला, तर तो आकडा जड आहे असे समजावे आणि आपणच तो कमी करून पाहावा. इथे मी जानेवारीची रक्कम पक्की न करता, जानेवारीच्या पहिल्या दिवसांत मीच फोन करीन आणि मग ठरवू, असे सुचवले. जमले नाही तर उरलेल्या ४,००० साठी मुदत पुढच्या वर्षात न्यावी लागेल, आणि त्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडून त्याच दिवशी घेऊन ठेवली.

बोलणे झाले की त्याच संध्याकाळी चार ओळी लेखी पाठवाव्यात. त्यांत रकमा आणि तारखा असाव्यात, या काळात विलंब शुल्क लागणार नाही हे असावे, आणि "एखाद्या महिन्यात ५ तारखेला जमत नसेल, तर ८ तारखेपर्यंत एक मेसेज पाठवावा, आपण त्या महिन्याचे वेगळे ठरवू" हेही असावे. शेवटचे वाक्य विसरू नये. ते नसेल तर एक महिना चुकला की पालकांना शब्द मोडल्यासारखे वाटते आणि ते फोन उचलेनासे होतात. लेखी ओळींमुळे पुढे कार्यालयात माणूस बदलला, तरी नवा माणूस त्याच घरी पुन्हा पहिल्यापासून स्मरणपत्र धाडत नाही. त्यासाठी ठरल्याच्या दिवशीच त्या कुटुंबाचे नाव स्मरणपत्रांच्या यादीतून काढून टाकावे.

उत्तर आलेच नाही तर

३१ तारीख उलटून चार-पाच दिवस गेले आणि काहीच कळले नाही, तर दुसरे पत्र न पाठवता आधी फोन करावा. क्रमांक बदललेला असतो, पत्र पोहोचलेलेच नसते, किंवा पोहोचून न उघडता तसेच ठेवलेले असते. फोनवर "पत्र मिळाले का, एवढेच विचारायला फोन केला" इथून सुरुवात करावी आणि समोरचा माणूस बोलता होईल इतका वेळ द्यावा. कामाच्या ठिकाणी असतील तर पैशांचा विषय न काढता "कधी फोन करू?" असे विचारून ठेवून द्यावा.

ऐपत असूनही फी न भरणारे काही जण असतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी हे पत्र नाही. दोनदा बोलूनही तारीख मिळत नसेल, तर मुख्याध्यापकांच्या सहीचे वेगळे, स्पष्ट पत्र जावे. पण त्या पत्रातली कडक वाक्ये सर्वांना जाणाऱ्या पहिल्या पत्रात आणू नयेत. त्यांनी न भरणारे हलत नाहीत, अडचणीतले मात्र बोलायचे थांबतात.

आईंनी ५ नोव्हेंबरला २,००० भरले. पावती काढली तेव्हा फीच्या सॉफ्टवेअरने वरच्या बाजूला ठळक अक्षरांत "थकबाकी वसुली" असे छापले. उशिरा आलेल्या कोणत्याही रकमेला ते आपोआप असेच छापत होते आणि इतकी वर्षे आमच्यापैकी कोणाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते. पावतीचा मजकूर बदलून "दुसरा हप्ता, भाग १" असा करून घेतला, आणि मगच ती पाठवली. आपल्याकडची एक पावती काढून पाहा, तिथेही काहीतरी छापलेले असेल.